पुनश्च हरिओम, नियम व अटी लागू

ज्याच्याकडे आपले पैसे अडकलेले आहेत, त्याचं भावनिक पत्र शेवटून वाचावं. सुरुवातीला 'प्रिय यात्रीबंधू-भगिनींनो' असतं, मधे डोळे पाणावतात, मग ईश्वराची इच्छा येते, आणि अगदी तळाला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, खरं काय ते असतं. मी अशी पत्रं तळापासून वर वाचत जातो. वर पोचेपर्यंत रडायचं की नाही ते ठरलेलं असतं.

आमच्या साताऱ्यातल्या यात्रावाल्या अण्णांनी मात्र माझी ही सोय काढून घेतली. त्यांनी पत्रक छापायच्या आधीच कच्चा मजकूर माझ्याकडे आणला. "सर, जरा ऱ्हस्व-दीर्घ बघून द्या." मराठी शिकवण्यात हयात घालवली की लग्नपत्रिका, दशक्रियेची कार्डं आणि सोसायटीच्या पाणीकपातीच्या सूचना आपल्याकडे येतच राहतात. पण हे पत्रक वेगळं होतं. 2020 च्या मार्चपासून अण्णांच्या ऑफिसचं शटर खाली होतं. फोन लागायचा नाही, लागला तर उचलला जायचा नाही, आणि रस्त्यात दिसले तर अण्णांना एकदम समोरच्या मेडिकलमधून काहीतरी घ्यायचं आठवायचं. त्या 2020 च्या चारधामला जाणाऱ्या तीस माणसांत मी आणि माझी बायको होतो. म्हणजे तपासायला दिलेला मजकूर आणि तपासणारा यांच्यात चौतीस हजार रुपयांचं नातं होतं.

पत्रकाचा मथळा होता 'पुनश्च हरिओम'. मराठी माणूस मोठ्या खंडानंतर काहीही सुरू करायला निघाला की त्याला दुसरा मथळा सुचत नाही. टिळकांनी तुरुंगातून सुटल्यावर 'केसरी'त याच मथळ्याचा अग्रलेख लिहिला. पुढे 2020 मध्ये टाळेबंदी सैल करताना राज्य सरकारनेही तोच उचलला. टिळक काय, सरकार काय आणि अण्णा काय, ज्यांना लोक 'इतके दिवस कुठे होतात' असं विचारू शकतात, त्यांना हा मथळा बरा पडतो. मी तो राहू दिला.

मथळ्याखाली अण्णांनी लिहिलं होतं, 'काही अपरिहार्य कारणांमुळे मधल्या काळात आपल्या सेवेत खंड पडला, त्याबद्दल दिलगिरी.' पुढे लगेच नव्या जोमाने, नव्या उमेदीने वगैरे.

"अण्णा, हे वाक्य अपुरं आहे," मी म्हणालो.

"व्याकरणात?"

"व्याकरणात नाही. हिशेबात."

अण्णा थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले. मग त्यांनी पिशवीतून एक लाल कापडी पाठीची वही काढली. यात्रावाल्याची वही हा अस्सल ऐवज असतो. पहिल्या पानावर 'श्री', दुसऱ्यावर कोणाला मधुमेह, कोणाला उपवास, कोण कोणाशेजारी बसणार नाही, आणि तिसऱ्या पानापासून पैसे. त्यांनी 2020 चं पान उघडलं आणि ज्या गोष्टीबद्दल साताऱ्यात इतकी वर्षं नुसत्या वावड्या उठत होत्या, ती गोष्ट आकड्यांत समोर आली.

निघायचं होतं 3 मे 2020 ला. माणशी अठ्ठावीस हजार. पुण्याहून दिल्लीला विमान, हरिद्वारपासून बस, बडकोटला मुक्काम करून यमुनोत्री, उत्तरकाशीहून गंगोत्री, गुप्तकाशीहून केदारनाथ, पिंपळकोटीहून बद्रीनाथ. सोबत आपला आचारी. मार्चच्या मध्यापर्यंत माणशी सतरा हजार जमा झाले होते, म्हणजे तिसांचे मिळून 5,10,000.

"आता लोकांना काय वाटतं माहीत आहे का सर? हे पाच लाख दहा हजार माझ्या कपाटात होते."

आम्हालाही तसंच वाटत होतं. माझ्या बायकोला तर कपाटाचा रंगसुद्धा माहीत होता.

वही वेगळं सांगत होती. विमान कंपनीला 2,40,000 गेले होते, माणशी आठ हजार. पाच गावच्या हॉटेलांना आगाऊ 1,35,000. बसवाल्याला टोकन 40,000. आचारी आणि त्याच्या मदतनिसाला उचल 25,000. टोप्या, खांद्यावरच्या पिशव्या आणि छपाई यांना 20,000. उरले पन्नास हजार, त्यातून ऑफिसचं भाडं आणि पोरीच्या कॉलेजची फी. म्हणजे टाळेबंदी लागली त्या दिवशी आमच्या सतरा हजारांपैकी अण्णांच्या हातात माणशी दीड हजाराच्या थोडे वर होते. बाकीचे आमच्या आधीच यात्रेला निघून गेले होते.

धंद्याची रचनाच अशी आहे. यात्रावाला घेतो एका माणसाकडून, आणि देतो पाच जणांना, तेही महिनोन् महिने आधी. सगळं सुरळीत चाललं तर शेवटच्या हप्त्यात त्याचा नफा असतो. शेवटचा हप्ता आलाच नाही तर नफा नसतो आणि आधीच्या चार हप्त्यांचा जाब मात्र असतो.

25 मार्चपासून देशातली विमानं बंद झाली ती 25 मे पर्यंत. 29 एप्रिलला केदारनाथाचं दार उघडलं, पण यात्रेकरूंना मनाई होती. देव हजर, पुजारी हजर आणि आमच्या तीस टोप्या साताऱ्यात. मग सुरू झाला परताव्याचा खेळ.

विमान कंपनीने पैसे परत न देता 'क्रेडिट शेल' दिलं. म्हणजे तुमचे आठ हजार आमच्याकडेच आहेत, सुरक्षित आहेत, तुम्ही पुन्हा उडाल तेव्हा वापरा. लोक अण्णांना विचारत, 'पैसे कुठायत?' अण्णा म्हणत, 'शेलमध्ये आहेत.' आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी ते कोणाच्या पेट्रोल पंपात गुंतवलेत याची चौकशी सुरू केली.

1 ऑक्टोबर 2020 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. टाळेबंदीआधी काढलेल्या आणि 24 मे पर्यंतच्या प्रवासाच्या तिकिटांचे पैसे कंपन्यांनी पंधरा दिवसांत परत करायचा प्रयत्न करावा. आर्थिक अडचण असेल तर 31 मार्च 2021 पर्यंत क्रेडिट शेल द्यावं, आणि त्याची किंमत 30 जूनपर्यंत महिना अर्धा टक्का आणि त्यानंतर पाऊण टक्का अशी वाढवत न्यावी. तिकीट एजंटमार्फत काढलं असेल तर पैसे एजंटमार्फतच परत जायचे. या शेवटच्या कलमाने अण्णांचा घात केला. पेपरात निकाल वाचून संध्याकाळी घराघरांतून फोन आले, कारण पेपरात होतं 'पैसे परत मिळणार', आणि ते ज्याच्या दारातून येणार ते दार अण्णांचं होतं. दारात मात्र काहीच आलेलं नव्हतं.

निवृत्त बँक मॅनेजर आमच्या ग्रुपमध्ये होते. त्यांनी त्याच रात्री हिशेब काढला. आठ हजारांवर पाऊण टक्का म्हणजे महिन्याला साठ रुपये. मुद्दलाचं काय व्हायचं ते होवो, पण हे साठ रुपये अण्णा दाबणार, याबद्दल त्यांची खात्री होती. ते दर महिन्याच्या एक तारखेला अण्णांना फोन करून फक्त 'साठ' म्हणायचे. फोन उचलणं बंद झालं ते तिथपासून, हे मला आता कळलं.

विमानाचे पैसे शेवटी आले. सगळे आले, पण एकदम आले नाहीत. आज चौघांचे, पुढच्या महिन्यात सातांचे, आणि तेही अण्णांच्या बँकेत न येता ज्या मोठ्या एजंटच्या पोर्टलवरून तिकिटं काढली होती तिथल्या वॉलेटमध्ये. आले तसे अण्णांनी वाटले. प्रश्न असा झाला की पहिल्या चौघांना मिळाले म्हटल्यावर उरलेल्या सव्वीस जणांना आपले खाल्ले गेले याचा पुरावा मिळाला. काहीच मिळालं नसतं तर लोकांनी नशिबाला बोल लावला असता. थोडं मिळाल्यावर तो अण्णांना लावला.

बसवाल्याने निम्मे परत दिले आणि निम्म्यांबद्दल आपल्या दोन बसचे थकलेले हप्ते दाखवले. आचाऱ्याने पैसे दिले नाहीत, पण तो प्रामाणिक निघाला. त्याने साताऱ्यातच डबे सुरू केले आणि उचल फिटेपर्यंत अण्णांच्या यादीतल्या म्हाताऱ्या जोडप्यांना डबा पोचवला. त्यामुळे आमच्या ग्रुपमधल्या काहींनी चारधामचे पैसे मटकीच्या उसळीच्या रूपात वसूल केले आहेत. टोप्यांचं काही करता आलं नाही. त्यांच्यावर 2020 छापलं होतं. एक आमचा पेपरवाला पावसात घालतो.

अडकली ती हॉटेलं. आणि इथे मला जे कळलं ते चारधामला जाणाऱ्या प्रत्येकाने ऐकावं असं आहे. त्या रस्त्यावरची बरीच हॉटेलं मालक स्वतः चालवत नाही, हंगामापुरती कोणालातरी चालवायला देतो. अण्णांनी आगाऊ दिले होते 2020 च्या हंगामाच्या ठेकेदाराला. तो म्हणाला, 'पुढच्या साली ॲडजस्ट करू.' पुढच्या साली तिथे दुसराच ठेकेदार होता. त्याने अण्णांची पावती उलटून पालटून बघितली, आदराने परत दिली आणि चहा पाजला. हरिद्वारच्या हॉटेलाने रक्कम जमा धरली, कारण ते वर्षभर चालतं आणि मालक गल्ल्यावर बसतो. बडकोट आणि गुप्तकाशीचे पैसे गेले ते गेलेच. माणशी साडेचार हजारांतले किती मिळाले आणि किती बुडाले, हे वहीत लाल शाईत होतं. ते पान अण्णांनी मला दाखवलं आणि लगेच मिटलं.

"हे पान पत्रकात छापा," मी म्हणालो.

"वेड लागलंय का सर? कोण येईल मग?"

"जे येतील ते तुम्हाला महिन्याच्या एक तारखेला फोन करणार नाहीत."

यावर आमचा बराच वाद झाला. अण्णांचं म्हणणं होतं की लोकांना भावना हवी असते. आपण परत आलो, गहिवरलो, जुने फोटो लावले, की लोक विरघळतात. माझं म्हणणं, साताऱ्यातला माणूस विरघळतो, पण त्याआधी पावती मागतो. शेवटी तडजोड झाली. गहिवर एका परिच्छेदात, हिशेब दुसऱ्यात. आचाऱ्याच्या डब्यांचा उल्लेख अण्णांनी आग्रहाने ठेवला, कारण तोच आचारी यंदाही सोबत आहे आणि त्याच्या मटकीची जाहिरात फुकट होते.

मग आम्ही नव्या यात्रेच्या मजकुराकडे वळलो आणि लक्षात आलं की अण्णा पाच-सहा वर्षांनी परत आले असले तरी त्यांचं पत्रक अजून 2019 मध्येच होतं.

'रेल्वेचे कन्फर्म तिकीट चार महिने आधी' असं त्यात ठळक होतं. पूर्वी अण्णा गोवा एक्स्प्रेसने न्यायचे. ती साताऱ्यातच थांबते, त्यामुळे म्हाताऱ्यांना पुण्यापर्यंत हाडं खिळखिळी करावी लागत नाहीत. तेव्हा आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं. 1 नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलं. म्हणजे जानेवारीत पत्रक वाटून पैसे घेतले तरी मेच्या गाडीचं तिकीट मार्चशिवाय हातात येत नाही. मधले दोन महिने प्रवाशाच्या हातात फक्त अण्णांचा शब्द. आणि ऐन वेळी तत्काळ काढून देतो म्हणावं तर जुलै 2025 पासून तत्काळ उघडल्यावर पहिला अर्धा तास एजंटला तिकीट काढताच येत नाही. त्या अर्ध्या तासानंतर जे उरतं, ते बघून अण्णा यंदाही विमानाकडेच वळले.

'केदारनाथ हेलिकॉप्टरची व्यवस्था करून दिली जाईल' हेही तसंच. पूर्वी अण्णांचा फाट्याला एक माणूस होता, त्याला फोन केला की जमायचं. 2023 पासून ती तिकिटं आयआरसीटीसीच्या हेलियात्रा संकेतस्थळावर निघतात आणि त्यासाठी आधी प्रत्येकाची यात्रेची नोंदणी लागते. हेलिकॉप्टरचं तिकीट मिळेल असं आज कोणी यात्रावाला छातीठोक सांगत असेल तर त्याची छाती तपासावी. अण्णांनी वाक्य बदललं: 'तिकीट मिळाल्यास प्रवाशाच्या खर्चाने, न मिळाल्यास घोडा, डोली किंवा पायी, अंतर सोळा किलोमीटरच्या वर.' मला हे वाक्य सबंध पत्रकात सगळ्यांत मनापासून लिहिलेलं वाटलं.

तारखेवर मात्र आम्ही अडलो. अण्णांनी निघायची तारीख छापली होती. मी विचारलं, केदारनाथाचं दार कधी उघडणार? अण्णा म्हणाले, ते महाशिवरात्रीला उखीमठात जाहीर होतं. आणि बद्रीनाथाचं? ते वसंत पंचमीला नरेंद्रनगरच्या राजवाड्यात. गंगोत्री-यमुनोत्रीची तेवढी अक्षय्य तृतीया पक्की.

"मग देवाची तारीख ठरायच्या आधी तुमची कशी ठरली?"

अण्णांनी समजावून सांगितलं, आणि ते पटण्यासारखं होतं. देवाची तारीख जाहीर झाली की देशभरातले यात्रावाले एकदम तिकिटांवर तुटून पडतात. म्हणून दार उघडण्याच्या गर्दीनंतर आठ-दहा दिवसांनी पोचू अशी अंदाजाची तारीख धरायची आणि जागा आधीच घेऊन ठेवायच्या. पहिल्या आठवड्यात गेलं तर तिथे माणसांच्या रांगा, जूनअखेर गेलं तर पावसाने दरडी. अण्णांची सगळी विद्या या मधल्या तीन-चार आठवड्यांत मावते. त्या विद्येला दाद म्हणून मी तारखेपुढे फक्त 'अंदाजे' घातलं. अण्णांनी ते खोडलं. मी पुन्हा घातलं.

मग आल्या नियम व अटी. जुन्या पत्रकात एकच अट होती: 'यात्रा रद्द झाल्यास व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील.' 2020 मध्ये हा अंतिम निर्णय म्हणजे शटर होता. नव्यात अण्णांनी माझ्यासमोर बसून तीन अटी लिहिल्या. विमानाच्या जागांचे पैसे भरले आणि नावं दिली की प्रत्येकाला त्याच्या नावाचा पीएनआर मिळेल, तो कंपनीच्या संकेतस्थळावर स्वतः तपासावा. पत्रकात मुक्कामाच्या गावापुढे हॉटेलचं नाव असेल. 'बद्रीनाथ मुक्काम' लिहून पिंपळकोटीला उतरवलं जाणार नाही. आणि यात्रा रद्द झाली तर कोणाकडून किती परत येईल, किती येणार नाही, याचा तक्ता मागे छापला आहे. विमान, हॉटेल, बस, वेगवेगळं. 2020 च्या लोकांसाठी आणखी एक ओळ: हॉटेलांत बुडालेली रक्कम यंदाच्या यात्रेत वजा होईल, आणि ज्यांना आता चढणं झेपत नाही त्यांना रोख, तीन हप्त्यांत. या ओळीवर अण्णांनी दोनदा पेन ठेवलं आणि दोनदा उचललं. आमच्या कोपऱ्यावरच्या काकूंचे गुडघे 2020 मध्ये केदारनाथला जायच्या लायकीचे होते. आता त्या जिना उतरत नाहीत. त्यांचा पहिला हप्ता पत्रक छापायच्या आधीच पोचला होता, हे मला काकूंनी सांगितलं, अण्णांनी नाही.

पत्रक वाटलं गेलं. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी ऑफिसात पहिला माणूस आला तो बँक मॅनेजर. मी तिथेच होतो. त्यांनी पत्रक मागून वाचलं, तक्त्यावर बोट फिरवलं, पीएनआरचं वाक्य दोनदा वाचलं. चेहरा जवळजवळ मवाळ झाला. मग खिशातून फोन काढला.

"अण्णा, तुम्ही विमानाचे माणशी लावलेत त्यापेक्षा इथे दीड हजाराने स्वस्त दिसतंय. हे बघा, आत्ता, तीन हजार नऊशे."

"घ्या मग," अण्णा म्हणाले. "पण तीस घ्या. तुमच्या फोनवर एका वेळी नऊच मागता येतील, तर नऊ मागून बघा."

मॅनेजरांनी नऊ जण टाकले. भाव माणशी पाच हजार दोनशे झाला. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा एक टाकला. पुन्हा तीन हजार नऊशे.

"स्वस्तातल्या जागा त्यांनी दोन-तीनच ठेवलेल्या असतात," अण्णांनी सांगितलं. "नऊ मागितल्या की नऊच्या नऊ ज्या भावात बसतील तो भाव सगळ्यांना. आणि नऊच्या वर गेलं की ग्रुपचं दुकानच वेगळं. तिथे डिपॉझिट भरून जागा धरायच्या आणि नावं मागाहून द्यायची. उद्या कोणाचा मेव्हणा आजारी पडला तर नाव बदलता येतं. त्या सोयीचे पैसे आहेत ते."

मॅनेजर बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांना हिशेब पटला होता, ते उघड दिसत होतं. तीस माणसांना स्वस्त मिळत नाही, नऊ जणांनाही मिळत नाही, हे त्यांनी मान्य केलं.

"पण एकाला तर मिळतंय ना?" ते म्हणाले. "मग तो एक मला धरा. बाकीच्या एकोणतिसांचं तुम्ही बघा."